खासगी थर्मल टब आणि 89,675 रुपये: कोकणातल्या गरम पाण्याच्या एका सहलीचा हिशेब

पुण्यातलं पाच जणांचं कुटुंब. चाळिशीतले नवरा-बायको, त्यांची सात वर्षांची मुलगी आणि नवऱ्याचे आई-वडील. आईंचं वय 66, गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी रोजची. वडील 70 वर्षांचे, मधुमेह जुना, तळपायांना बधिरपणा आलेला. जानेवारीत दोन रात्री कुठेतरी जाऊन अंग शेकून यायचं, एवढीच आईंची मागणी होती.

शोधाशोधीत रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका रिसॉर्टचं पॅकेज समोर आलं. दोन रात्री, तीन दिवस, प्रत्येक व्हिलाला खासगी ‘थर्मल’ टब, ‘खनिजयुक्त जलचिकित्सा’, डिटॉक्स पेय, संध्याकाळी ध्वनिसाधना आणि ‘नैसर्गिक गरम पाण्याच्या कुंडाची सफर’. दर 14,999 रुपयांपासून, माणशी.

‘पासून’ या शब्दाची किंमत फोनवर कळली. चार प्रौढांचे 59,996. शुक्रवार-शनिवारच्या मुक्कामाला व्हिलामागे रात्रीचे अडीच हजार जादा, म्हणजे दोन व्हिलांचे दोन रात्रींचे 10,000. मुलीच्या जादा गादीचे आणि जेवणाचे 6,000. एकूण 75,996, त्यावर 18 टक्के कर. अंतिम आकडा 89,675. आणि ‘तीन दिवस’ म्हणजे शुक्रवारी दुपारी दोनला खोलीची चावी, रविवारी सकाळी अकराला खोली रिकामी. हातात पंचेचाळीस तास, त्यातल्या दोन रात्री झोपेच्या.

आकडा मोठा आहे म्हणून पॅकेज वाईट ठरत नाही. या पैशांत नक्की काय मिळतं आणि त्यातलं काय शरीराला जाणवतं, हे बघायला हवं होतं. त्यासाठी सगळ्यात आधी पाण्याची चौकशी करावी लागते.

पाण्याला विचारायचे चार प्रश्न

गरम पाण्याच्या झऱ्यांचा पर्यटन-व्यवसाय जपानात जितका जुना आणि मोठा आहे तितका फार थोड्या ठिकाणी असेल. तिथे 1948 पासून त्यासाठी वेगळा कायदा आहे. उगमाशी पाणी किमान 25 अंश सेल्सियस असावं किंवा त्यात ठरावीक घटक पुरेशा प्रमाणात असावेत, तरच त्याला ‘ओन्सेन’ म्हणता येतं. तरीही 2004 मध्ये नागानो प्रांतातल्या शिराहोने या नावाजलेल्या ठिकाणी दुधट पाण्याचा रंग टिकवायला काही जण स्नानाची पूड मिसळत असल्याचं उघड झालं. मग पुढच्या वर्षी नियम आणखी कडक झाले. पाण्यात साधं पाणी मिसळता का, वेगळं तापवता का, तेच पाणी गाळून पुन्हा फिरवता का, त्यात जंतुनाशक किंवा इतर काही घालता का, या चार गोष्टी तिथे स्नानगृहात लिहून लावाव्या लागतात.

आपल्याकडे रिसॉर्टच्या भिंतीवर असा कागद दिसत नाही. पण हेच चार प्रश्न फोनवर विचारायला कुणाची हरकत नसते. सुनेने ते विचारले. पहिलं उत्तर ठरलेलं होतं, “मॅडम, नॅचरल मिनरल वॉटर आहे.” मग तिने विचारलं, “पाणी झऱ्यावरून पाइपने येतं की टँकरने?” फोन मॅनेजरकडे गेला. मॅनेजर सरळ माणूस निघाला. “टबचं पाणी आमच्या बोअरचं आहे. हीट पंपावर तापवतो, फिल्टरमधून फिरवतो, क्लोरीन घालतो. झरा इथून चौदा किलोमीटरवर आहे, तिथे गाडीने नेतो.”

याला थेट खोटं बोलणं म्हणता येत नाही. ‘थर्मल’ म्हणजे गरम, आणि बोअरच्या पाण्यातही खनिजं असतातच. पण वाचणाऱ्याच्या डोक्यात झरा येतो, आणि टबमध्ये असतं ते हीट पंपाने तापवलेलं पाणी.

खरं तर एवढ्या टबांना झऱ्याचं पाणी पुरवणं जमतच नाही. कोकणातले बहुतेक झरे लहान आहेत. कुंडातून बाहेर पडणाऱ्या पन्हळीखाली पंधरा लिटरची बादली धरली आणि ती दहा सेकंदांत भरली, तर तासाला 5,400 लिटर पाणी येतं. वीस व्हिलांचे अडीच-अडीच हजार लिटरचे टब एकदा भरायचे तर 50,000 लिटर लागतात. म्हणजे गावाचं कुंड नऊ तासांहून जास्त कोरडं ठेवायचं. शिवाय टँकरमध्ये पाणी निवतं आणि त्यातला गंधकाचा वायू उडून जातो. म्हणून ‘प्रत्येक खोलीत झऱ्याचं पाणी’ असं कुठे वाचलं तर आधी खोल्या मोजाव्यात.

आता त्या टबाचा दर. त्याच रिसॉर्टमध्ये टब नसलेली साधी खोली रविवार ते गुरुवार 6,800 रुपयांना होती आणि टबवाली व्हिला 12,800 रुपयांना. फरक रात्रीला सहा हजार. अडीच हजार लिटर पाणी 27 अंशांवरून 39 अंशांवर न्यायला साधारण 35 युनिट उष्णता लागते. साध्या हीटरवर, बारा रुपये युनिट धरलं तरी, हे 420 रुपयांचं काम. हीट पंपावर वीज साधारण एक चतुर्थांश लागते, म्हणजे शंभर-सव्वाशे रुपये. टब बांधायला पैसे लागतात, माणसं लागतात, हे मान्य. खासगीपणालाही मोल आहे, विशेषतः सासूबाईंना चारचौघांत पाण्यात उतरायचं नसेल तर. पण सहा हजार मोजायचे असतील तर ते खासगीपणासाठी मोजावेत. औषधी पाण्यासाठी म्हणून मोजू नयेत.

झऱ्याच्या पाण्यात काय असतं आणि काय नसतं

गणेशपुरी-वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंत पश्चिम किनाऱ्याला समांतर अशी झऱ्यांची रांग आहे. माहितीपत्रकात ‘ज्वालामुखीचं पाणी’ असं छापलेलं असतं, त्यात तथ्य नाही. इथला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि कधीच थंड झाला आहे. पावसाचं पाणी खडकातल्या भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं, इतकंच. त्यात मुख्यतः सोडियम आणि कॅल्शियमचे क्लोराइड क्षार असतात. गंधकाचा वायू थोडा असतो, पण नाकाला तो फार कमी प्रमाणातही कळतो, म्हणून सगळं पाणीच ‘गंधकाचं’ वाटतं. चांदीची जोडवी आणि पैंजण मात्र काढून ठेवावेत, त्या थोड्या वायूनेही ते काळवंडतात.

हे क्षार त्वचेतून अंगात शिरतात, हा दावा टिकत नाही. त्वचेचं कामच बाहेरचं बाहेर ठेवणं आहे. वीस मिनिटं पाण्यात बसून शरीरातला मॅग्नेशियमचा साठा वाढत नाही. ‘डिटॉक्स’चंही तसंच. घाम म्हणजे पाणी आणि मीठ, अंगातला निचरा यकृत आणि मूत्रपिंडं करतात. वाफेच्या पेटीतून बाहेर आल्यावर वजनकाटा अर्धा किलो कमी दाखवतो, तो दोन पेले पाणी प्यायलं की जागेवर येतो. दोन दिवसांचं ‘पंचकर्म’ही पॅकेजमध्ये होतं. खऱ्या पंचकर्मात नुसत्या पूर्वतयारीच्या स्नेहपानालाच तीन ते सात दिवस जातात. दोन दिवसांत होतो तो अभ्यंग आणि वाफारा. तो छान वाटतो, पण त्याला त्याच्याच नावाने आणि त्याच्याच दरात घ्यावं.

मग उरतं काय? बरंच. ऊब आणि पाण्याचा उचलून धरण्याचा गुण. गरम पाण्यात त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढतो, आखडलेले स्नायू सैल पडतात. कमरेपर्यंतच्या पाण्यात उभं राहिलं तर गुडघ्यांवर येणारा भार साधारण निम्मा होतो, छातीपर्यंतच्या पाण्यात एक तृतीयांशापेक्षाही कमी. गुडघेदुखीच्या माणसाला हा फरक पहिल्या मिनिटाला कळतो. त्यासाठी पाणी झऱ्याचं असायची गरज नाही, ते खोल आणि कोमट असलं म्हणजे झालं.

दुसरा लाभ झोपेचा. झोपायच्या एक-दोन तास आधी 40 ते 42 अंशांच्या पाण्याने, अगदी दहा मिनिटांचा टब किंवा शॉवर घेतला तरी झोप लवकर लागते. 2019 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका आढाव्यात हा फरक सरासरी दहा मिनिटांच्या आसपास निघाला. कारण असं की हातापायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगातली उष्णता बाहेर पडते, शरीराचं आतलं तापमान उतरतं आणि ते उतरणं हाच झोपेचा इशारा असतो. आता पॅकेजमधला ‘जलचिकित्से’चा वेळ बघा: दुपारी तीन ते पाच. कर्मचाऱ्यांची पाळी तेव्हा असते, म्हणून. दुपारी तीनला शेक घेऊन रात्री दहाच्या झोपेला त्याचा काही उपयोग नाही. पैसे तेच, पाणी तेच, पण वेळ चुकलेली. पॅकेज विचारताना ‘काय काय आहे’ यापेक्षा ‘किती वाजता आहे’ हे विचारावं ते यासाठीच.

आईंच्या गुडघ्यांबाबत मात्र घरात स्पष्ट बोलणं झालं ते बरं झालं. गरम पाण्याच्या स्नानाने गुडघ्याच्या संधिवातात दुखणं कमी झाल्याचं दाखवणारे अभ्यास आहेत. ते फार भक्कम नाहीत, पण आहेत. त्यांत बहुधा दोन-तीन आठवडे जवळपास रोज स्नान दिलेलं असतं. दोन दिवसांत गुडघा बरा होत नाही, दोन दिवस हलका वाटतो.

मसाजची मिनिटं

पॅकेजमध्ये प्रत्येक प्रौढाला ‘स्पा उपचार’ होता. विचारल्यावर कळलं, डोकं-मान-खांद्यांचा, तीस मिनिटांचा. पाय धुणं, कपडे बदलणं आणि फॉर्म भरणं त्यातच. प्रत्यक्ष हात लागतो तो वीस मिनिटं. त्याशिवाय खोलीमागे दोन हजारांचं ‘स्पा क्रेडिट’, पण यादीतला सगळ्यात स्वस्त पूर्ण मसाज 3,500 रुपयांचा. म्हणजे क्रेडिट वापरायचं तर खिशातून दीड हजार घालायचे. विचारायचा प्रश्न एकच, ‘अंगाला हात किती मिनिटं लागतो?’ हा प्रश्न ऐकला की चांगला थेरपिस्ट लगेच आकडा सांगतो. काउंटरवरचा माणूस गोंधळतो.

शेवटी काय ठरलं

तीन पर्याय मांडले गेले. पॅकेज 89,675 रुपयांना. चिपळूणला साध्या हॉटेलात राहून रोज सकाळी कुंडावर जाणं, पंचवीस-सव्वीस हजारांत. किंवा तेच रिसॉर्ट, पण रविवार ते मंगळवार, टब नसलेल्या साध्या खोल्या, नाश्त्यासह, पॅकेजशिवाय.

मुलाचा कल स्वस्तातल्या पर्यायाकडे होता. पण गावच्या कुंडाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, धरायला कठडा नसतो, बायकांची कपडे बदलायची खोली बहुधा अंधारी. गुडघे दुखणाऱ्या बाईला दोन्ही दिवस तेवढ्यावर ठेवणं म्हणजे आराम नव्हे. रिसॉर्टच्या सामाईक तलावात पाणी तापवलेलं होतं, छातीभर खोली होती आणि उतरायला कठड्याच्या पायऱ्या होत्या. आईंना लागणारी वस्तू तीच होती आणि ती साध्या खोलीच्या भाड्यातच मिळत होती. जाहिरातीत तिचा उल्लेखसुद्धा नव्हता.

हिशेब असा झाला. दोन खोल्या, दोन रात्री, 27,200. मुलीच्या गादीचे रात्रीला 600 प्रमाणे 1,200. खोलीचं भाडं रात्रीला साडेसात हजारांच्या आत राहिलं की कर 5 टक्के, वर गेलं की 18. गादी धरूनही खोली 7,400 वरच राहिली, म्हणून कर फक्त 1,420. खोल्यांचे एकूण 29,820. दोन्ही वेळची जेवणं सुमारे 10,000. सासू-सुनेसाठी साठ मिनिटांचे दोन मसाज, 7,000. सगळं मिळून 46,820. पॅकेजपेक्षा जवळपास 43,000 कमी. सुटलं काय, तर खासगी टब, डिटॉक्स पेय, ध्वनिसाधना आणि चौदा किलोमीटरची जीप. गाडी त्यांची स्वतःची होतीच.

आगाऊ पैसे भरण्याआधी तीन गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून घेतल्या: मसाज संध्याकाळी साडेसातनंतर, सामाईक तलाव रात्री नऊपर्यंत उघडा आणि पाणी किमान 34 अंश. ‘हीटेड पूल’ म्हणून 28 अंशांचं पाणी दाखवणारी ठिकाणं कमी नाहीत. 28 अंशांत पोहायला मजा येते, पण नुसतं बसलं तर पाच मिनिटांत काकडायला होतं.

कुंडावरची सकाळ

सोमवारी सकाळी पावणेसातला ते कुंडावर होते. शनिवार-रविवारी तिथे साबण, शाम्पूच्या पुड्या आणि रांग असते, सोमवारी पहाटे गावातले तीन-चार जण. कुंड कधी उपसलं ते विचारावं, पण उत्तरापेक्षा डोळ्यांनी बघणं भरवशाचं. एका बाजूने पाणी आत येताना आणि दुसऱ्या बाजूने सतत बाहेर पडताना दिसलं पाहिजे. साचलेल्या गरम पाण्यात उतरू नये. नाकात पाणी जाऊ देऊ नये, बुडी तर मुळीच मारू नये. कोमट गोड्या पाण्यात वाढणारा, नाकावाटे मेंदूत जाणारा अमीबा दुर्मीळ आहे, पण झाला तर बहुधा जीव घेतो. केरळात 2024 आणि 2025 मध्ये त्याचे रुग्ण आढळले. मुलीला म्हणूनच कमरेपर्यंतच्या पाण्यात, सहा-सात मिनिटं, आईच्या हाताला धरून.

वडिलांसाठी स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर नेला होता. पाणी जिथून आत येतं त्या कोपऱ्यात 44 अंश, समोरच्या पायरीशी 39. चार पावलांच्या अंतरात पाच अंशांचा फरक. बधिर तळपायाला हा फरक कळत नाही आणि फोड आल्यावरच लक्षात येतो, म्हणून त्यांना समोरच्याच पायरीवर बसवलं आणि बाहेर आल्यावर दोन्ही तळवे उजेडात तपासले. तुरळसारख्या ठिकाणी उगमाचं पाणी साठ अंशांच्या घरात असतं. त्या तापमानाला कातडी भाजायला पाच सेकंद पुरतात. ‘हात घालून बघू’ हा प्रयोग तिथे करायचा नाही, आणि मधुमेह्याने तर कुठेच नाही.

आईंना रक्तदाबाच्या गोळीमुळे वेगळी काळजी. गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावून दाब आधीच उतरतो, वर गोळीचा परिणाम, आणि झटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारलं होतं. दहा मिनिटं, पाणी छातीच्या खाली, मग पायरीवर बसून दोन मिनिटं, मग उभं राहायचं. बाहेर येताच पेलाभर पाणी. रिकाम्या पोटी नाही आणि भरल्या पोटीही नाही, घरून आणलेला एक लाडू आणि चहा अर्ध्या तासापूर्वी झाला होता.

जाण्याआधी एक घोळ टळला तोही सांगण्याजोगा आहे. पाली गावाजवळचं उन्हेरे, दापोली तालुक्यातलं उन्हवरे आणि राजापूरजवळचं उन्हाळे, तिन्ही ठिकाणी गरम पाण्याचे झरे आहेत आणि तिन्ही फोनच्या नकाशात एकमेकांच्या जागी सहज येतात. नकाशाने त्यांना पहिल्यांदा रायगड जिल्ह्यात नेऊन ठेवलं होतं. नावासोबत तालुका लिहावा. ऋतूही बघावा. पावसाळ्यात ओढ्याचं गढूळ पाणी कुंडात शिरतं, मे महिन्यात बाहेरची हवाच इतकी दमट आणि तापलेली असते की गरम पाण्यात बसणं शिक्षा होते. डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळ किंवा रात्र, हाच काळ.

संध्याकाळी आठला आईंचा मसाज सुरू झाला, नऊला गरम शॉवर, दहाला झोप. पुण्याला परतल्यावर आठवडाभरात गुडघा पूर्वपदावर आला, ते अपेक्षितच होतं. मग घराजवळच्या फिजिओथेरपी केंद्रात कोमट पाण्याच्या हौदातले व्यायाम सुरू केले. वेळेला 400 रुपये, आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे. पॅकेज न घेता वाचलेल्या पैशांतून हे 7,200 रुपये सहज निघाले.